जड ओढणी, माथापट्टी आणि दहा तास: हेअर ट्रायलला नेमकं काय ठरवायचं

प्रश्न: ताई, माझं लग्न मे मध्ये आहे, नागपूरलाच, लॉनवर, संध्याकाळचा मुहूर्त. लेहंग्यावर डोक्यावरून नेटची जड ओढणी घेणार आहे, माथापट्टी आणि मोठे झुमके आहेत, मुंडावळ्या पण बांधायच्या आहेत. दुपारी २ ला मेकअपला बसायचं ते रात्री १२ पर्यंत सगळं अंगावर. केस खांद्याच्या थोडे खाली, पातळ, स्मूदनिंग केलेले. ट्रायलला फक्त स्टाइल आवडली की नाही एवढंच बघायचं का अजून काही ठरवून घ्यायचं असतं?

उत्तर:

स्टाइलचं नंतर बघू, आधी ती ओढणी घरातल्या वजनकाट्यावर ठेव आणि किती भरते ते बघ. गंमत नाही करून राहिली. नेटची ओढणी म्हटलं की सगळ्यांना वाटतं हलकीच असेल, आणि नेट हलकंच असतं, पण चारी बाजूंनी जरदोसीची बॉर्डर, मध्ये बुट्टे, टोकाला लटकन असं करत करत ती सहज किलोच्या वर जाते. त्यात ते वजन सगळं कडांना असतं, म्हणजे ते लोंबतं. डोक्यावर नुसतं ठेवलेलं वजन मानेला इतकं जाणवत नाही, लोंबणारं मात्र सारखं मागे ओढत राहते, आणि तुझे केस पातळ, वरून स्मूदनिंग, म्हणजे पिनेला धरायला काही खडबडीतपणाच नाही.

म्हणून तुझ्या ट्रायलला ठरवायची मुख्य गोष्ट म्हणजे ओढणीचं वजन जाणार कशावर. ओढणी डोक्यावर दिसली पाहिजे पण उचलली खांद्यांनी पाहिजे. जुडा उंच की खाली, पुढे पफ की चपटं, फुलं कोणती, हे सगळं ह्याच्यानंतर. आणि हे फोटोवरून ठरत नाही, कारण इंस्टावरचे जे फोटो तू सेव्ह करून ठेवले असशील त्यातल्या बऱ्याच मुली शूटपुरत्या तेवढ्या वेळ उभ्या असतात, त्यांना पाटावर कन्यादानाला नाही बसायचं आहे.

ट्रायलची तारीख ब्लाउज शिवून आल्यानंतरचीच घे, लग्नाच्या तीनेक आठवडे आधी. ब्लाउज काहून, तर खांद्याची पट्टी किती रुंद आहे आणि मागचा गळा किती खोल आहे ह्यावर अर्धं गणित आहे. सोबत काय न्यायचं तर तीच ओढणी, तीच माथापट्टी, तेच झुमके, गळ्यातलं सगळं, आणि तेच ब्लाउज. दागिने इतवारीतून अजून यायचे असतील किंवा भाड्याचे असतील तर ट्रायल पुढे ढकल, पण दुसरे दागिने घालून ट्रायल करू नकोस, त्याचा काही फायदा नाही. ओढणी खराब होईल म्हणून आई नेऊ देत नसेल तर तेवढ्याच वजनाची घरातली एखादी जुनी भरजरी साडी अर्धी घडी करून ने, पण वजन काट्यावर मोजून. मेमधलं लग्न म्हणजे ट्रायल एप्रिलमध्ये नाहीतर मेच्या सुरुवातीला येईल, ते बरंच आहे, नागपूरचं ऊन तेव्हा तापलेलंच असते, डोक्याला घाम कुठून सुटतो ते आत्ताच कळेल. आणि आता लग्नापर्यंत परत स्मूदनिंग नको. ट्रायलला केस जसे होते तसेच त्या दिवशी असले पाहिजेत, नाहीतर जी पिन ट्रायलला बसली ती त्या दिवशी सटकणार.

आता मागच्या सीझनची एक नवरी सांगते, तुझ्यासारखेच केस, फक्त थोडे अजून कमी. ओढणी काट्यावर टाकली तर १ किलो १५० ग्रॅम. झुमके एकेक ४० ग्रॅमच्या वर. तिला जुडा मानेवर खाली हवा होता आणि ओढणी थेट माथापट्टीच्या मागे लावून पाठीवर मोकळी सोडायची होती, लांबच लांब, फोटोत दिसते तशी. मी म्हटलं ठीक आहे, तुझ्याच पद्धतीने लावू आणि तुला काय होते ते बघू. पिना सगळ्या केसांत, खांद्याला काहीच नाही. पहिली वीस मिनिटं काही बोलली नाही. मग तिला चार पावलं चालायला लावलं, खाली वाकून नमस्कार करायला लावला, परत उभं केलं, तर ओढणीची पुढची कड बोटभर मागे गेलेली आणि तिच्यासोबत माथापट्टीचा मधला पदक कपाळावरून उचलून भांगात चढलेला. पाऊण तासाने ती स्वतःच हात मागे नेऊन ओढणी उचलून धरून बसली होती, तिला कळलं पण नव्हतं ती असं करून राहिली आहे ते. हे बघायला मिळालं की समज वजन चुकीच्या जागी आहे. नवरीचा हात जर सारखा डोक्याच्या मागे जात असेल तर तिला "दुखते का गं" विचारायची गरज पण नाही.

मग सगळं काढलं आणि दुसऱ्यांदा बांधलं. ते कसं बांधलं ते नीट सांगते, कारण तुझ्या आर्टिस्टला तू हेच विचारायचं आहे.

आधी आतल्या केसांना मुळाजवळ क्रिंपिंग मशीनने क्रिंप केलं. वरचा थर नाही, फक्त आतले, दिसत नाहीत ते. गुळगुळीत केसांना त्याने पकड येते, नुसत्या स्प्रेने येत नाही आणि नुसत्या बॅककोंबिंगने स्मूदनिंगवाले केस दोन तासात परत झोपतात. मग क्राउनवर, माथापट्टीची मधली साखळी जिथे संपते त्याच्या जरा मागे, तीन बोटं रुंद भाग घेऊन छोटी पोनी बांधली, बारीक रबराने, ती पिळून चपटी गोल गुंडाळी केली आणि दोन काळ्या पिना एकमेकींवर फुलीसारख्या टाकून पक्की केली. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची बरं का, खूप जणी उलटी लावतात, सरळ बाजू खाली, मग ती घसरणारच. अशीच चपटी बारीक वेणी दोन्ही कानांच्या वर, मागे जुड्याकडे जाणारी. झाले तीन खुंटे. ह्या तिन्हीवरून वरचे केस फिरवले की बाहेरून काहीच दिसत नाही, पण ओढणी, माथापट्टी आणि झुमक्यांच्या वेली ह्या सगळ्यांना धरायला आत जागा तयार झाली. जुडा ह्यात कुठेच आला नाही हे लक्षात घे. जुड्यावर काहीच टांगायचं नाही, जुडा नुसता दिसायला.

ओढणीला मग आतून तीन ठिकाणी दोऱ्याचे छोटे फासे शिवले, कडेपासून थोडं आत, बॉर्डरच्या अस्तरावर, नेटवर नाही. मध्ये एक, आणि दोन बाजूंना चार-चार बोटं सोडून एकेक. पिन त्या फाशातून जाते आणि खालच्या गुंडाळीत शिरते, म्हणजे नेट फाटायचा प्रश्न नाही आणि घाईत कुणी बॉर्डरमधून सेफ्टी पिन खुपसायचा पण नाही. तुझे फासे ट्रायलच्याच दिवशी शिवले पाहिजेत असं नाही, ट्रायलला फक्त जागा ठरवून रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घालून ठेवायचा, मग घरी मावशी-काकू कुणीही पाच मिनिटांत शिवते.

आणि शेवटी खांदे. ओढणी डोक्यावर तीन पिनांनी टेकवली आणि मग दोन्ही खांद्यांवर ब्लाउजच्या पट्टीला सेफ्टी पिनने पक्की केली, आतून कापडाचा छोटा तुकडा लावून. डोक्यापासून खांद्यापर्यंत थोडी ढील ठेवली, साधारण चार बोटं. ती ढील बरोबर आहे की नाही ते असं बघायचं, हनुवटी छातीला टेकव, मग मान पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि ह्या सगळ्यात ओढणीची पुढची कड जागची हलली नाही पाहिजे. हलली तर ढील कमी आहे. आणि ढील जास्त झाली तर डोक्याच्या बाजूला पोत्यासारखा झोळ दिसतो, तो फोटोत लगेच कळतो. एवढं केल्यावर डोक्यावर राहिलं काय, फक्त पुढचा हात-दीड हात भाग, बाकी सगळं खांद्यांवर. त्याच मुलीला तेच चालणं, तेच वाकणं करायला लावलं, माथापट्टी जागेवर. तिचं तेव्हाचं वाक्य होतं, "ताई, ओढणी काढली का?"

तुझं ब्लाउज ऑफ-शोल्डर असेल किंवा खांद्यावर नुसतं पारदर्शक नेट असेल तर ही सोय नाही, ते आत्ताच सांगते. मग एक तर टेलरकडून खांद्याला आतून पट्टी टाकून घे, नाहीतर डोक्यावर वेगळी साधी हलकी नेट घे आणि जड ओढणी एका खांद्यावरून घे. दोन ओढण्यांची पद्धत आता सगळीकडे चालते आणि मला विचारशील तर एक किलोच्या वर गेलेल्या ओढणीला तोच मार्ग बरा, पण मुलींना भरलेली बॉर्डरच चेहऱ्याभोवती हवी असते, मी पण आता वाद घालत नाही.

एक गोष्ट अजून, ओढणी आडवी घेणार की लांबीने. आडवी म्हणजे लांब कडेचा मध्य डोक्यावर आणि दोन्ही टोकं दोन बाजूंना. लांबीने म्हणजे अरुंद बाजू डोक्यावर आणि बाकी सगळी मागे जमिनीपर्यंत लोळत. लांबीने घेतलेली उभी असताना छान वाटते, पण चालताना लॉनवरच्या कार्पेटला ती घासते, लटकन त्यात अडकतात, आणि मागून एखाद्या पोराचा पाय पडला की मान मागे. स्टेजवर जायच्या एंट्रीपुरती लांब सोडायची असेल तर सोड, पण मग एंट्री झाल्यावर कोण उचलून दोन्ही हातांवर घेऊन देणार तिचं नाव ठरव.

आता विधी, कारण इथेच ट्रायलवाले विसरतात. आपल्याकडे उपरण्याशी गाठ बांधतात, आणि त्या वेळी हाताशी जे टोक येईल ते गुरुजी घेतात. डोक्यावरच्या ओढणीचं टोक जर नवरदेवाच्या उपरण्याला बांधलं तर सात पावलं तुझ्या डोक्याने त्याला ओढत न्यायचं की त्याने तुला, ते बघ बाप्पा. गाठीसाठी वेगळा शेला ठेव, कमरेशी खोचलेला किंवा खांद्यावर, आणि हे गुरुजींना आणि करवलीला आधीच सांगून ठेव. मंगळसूत्र बांधायच्या वेळी मागून ओढणी उचलायची असते, तेव्हा नवरदेव गोंधळतो, नणंदबाई मदतीला येते आणि दोघं मिळून जुडा हलवतात. ट्रायलला बहिणीला सोबत ने आणि ओढणी मागून कुठून उचलायची ते तिला एकदा करून दाखवायला सांग, खालच्या कडेकडून उचलायची, मधून धरून नाही.

मंगळसूत्राचं निघालं म्हणून, गळ्यातल्या दागिन्यांची दोरी. चोकर आणि राणीहार दोन्हीला मागे गोंडेवाली दोरी असते, दोन्हीच्या गाठी मानेवर एकत्र येतात आणि चांगला लिंबाएवढा गठ्ठा होतो. जुडा खूप खाली घेतला की तो ह्या गठ्ठ्यावर बसतो, मग मान मागे नेली की गठ्ठा जुड्याला वर ढकलतो आणि चोकर पुढून खाली सरकतो. म्हणून जुड्याची उंची दागिने घालूनच ठरवायची. खालच्या गाठीपासून जुड्यापर्यंत दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. आणि जुडा किती बाहेर आलेला आहे ते पण बघ. लॉनवर ती उंच पाठीची महाराजा खुर्ची असते ना, फुगीर जुडा घेऊन तिच्यावर टेकता येत नाही, मुलगी तीन तास ताठ बसते आणि रात्री पाठ धरून रडते. ट्रायलला भिंतीला पाठ लावून उभी राहा, डोकं मागे टेकव, हनुवटी छातीकडे ढकलली जात असेल तर जुडा कमी करायला सांग. तुझे केस खांद्यापर्यंतच म्हणजे आत जाळीचा डोनट टाकावा लागेल, तो हलका असतो, तोच घे. रेडीमेड जुडा किंवा एक्स्टेन्शन लावायचं म्हटलं तर ते पण वजनच आहे हे आर्टिस्टला आठवण करून दे.

माथापट्टी आणि मुंडावळ्या हे दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात. माथापट्टीच्या बाजूच्या साखळ्या आणि मुंडावळीची दोरी दोन्ही कपाळावरून कानाकडे जातात, आणि मुंडावळी आवळून बांधली की खालची माथापट्टी कपाळात रुतते, तासाभराने लाल वळ दिसतो. माझं मत स्पष्ट आहे, मुहूर्ताला नुसती मांगटिका ठेव आणि माथापट्टी नंतर चढव. दोन्ही हवंच असेल तर माथापट्टी केसांच्या रेषेवर वर चढवायची आणि मुंडावळी तिच्या खाली, ते तुझ्या कपाळाच्या रुंदीला बसते का ते ट्रायलला दोन्ही घालून बघ. दुसरं, मुंडावळ्या बांधतात तेव्हा ओढणी लावून झालेली असते, मग मामी ओढणीखाली हात घालून मागे गाठ शोधते आणि तिन्ही पिना सैल करून जाते. त्यावर सोपा उपाय आहे. मुंडावळीच्या दोन्ही टोकांना आधीच फासा करून ठेवायचा आणि कानांच्या मागे, त्या चपट्या वेणीत, दोन यू-पिना थोड्या बाहेर काढून ठेवायच्या. मामीने फक्त फासा अडकवायचा. बांधल्याचा मान तिचा, गाठ कुणाचीच नाही. मांगटिका मात्र नुसत्या हुकावर ठेवू नको, हुकाच्या वर एक आडवी पिन, आणि मधल्या पदकाच्या मागे पापण्या चिकटवायच्या ग्लूचा एक थेंब. घामाने तो सुटतो का ते पण ट्रायलच्या दिवशी कळेल.

झुमक्यांचं थोडक्यात. वेल ताणलेली असेल तरच वजन घेते, सैल असेल तर ती नुसती शोभेची आणि सगळा भार कानाच्या पाळीवर. झुमका घातल्यावर खालून बोटाने थोडा उचलून बघ, जितका उचलल्यावर पाळीला बरं वाटते तितकी वेल आवळायची, आणि तिचा हुक कानावरच्या त्या वेणीत, सुट्या केसांत नाही. पाळीच्या मागे लावायचे पारदर्शक स्टिकर मिळतात, तेही लाव. आणि कानापुढे त्या कुरळ्या लटा सोडायच्या म्हणत असशील तर झुमका घालून मान हलवून बघ, लट झुमक्यात गुंतली की पुढचे दहा तास तेच सोडवत बसशील.

दुखणं कसं ओळखायचं ते सांगते, कारण ट्रायलला मुली लाजतात, "थोडं टोचते पण चालेल" म्हणतात. एकाच ठिपक्यावर टोचत असेल तर पिनेचं टोक डोक्याला लागलेलं आहे, ती पिन काढून परत घालायची, दोन मिनिटांचं काम आहे, लगेच सांग. पुढच्या केसांच्या रेषेवर सगळीकडे ताण वाटत असेल, भुवया वर ओढल्यासारख्या, तर आतली पोनी फार आवळली आहे. आणि डोकं नाही पण मान दुखत असेल, मागचा भाग, तर वजन अजून मागेच लटकून राहिलं आहे, खांद्याच्या पिना पुढे-मागे कराव्या लागतील. सुरुवातीला थोडं जड वाटून अर्ध्या तासात सवय होत असेल तर ठीक. अर्ध्या तासानंतर वाढत चाललं असेल तर ते त्या दिवशी पाचपट होणार, तिथे "चालेल" म्हणू नकोस.

म्हणूनच ट्रायल झाली की लगेच केस सोडू नकोस. ओढणी लावून तिथेच किमान एक तास बस, त्यात उठ, वाक, खाली मांडी घालून बस, कुणाला तरी हार घालायला लाव, कारण वरमाला घालताना ती नेमकी जुड्यात आणि झुमक्यात अडकते. मग ओढणी काढून मांगटिका आणि झुमके तसेच ठेवून घरी जा आणि अजून तीन-चार तास तशीच राहा. स्कूटीवर हेल्मेट घालून जाऊ नको म्हणजे झालं. फोटो तीन वेळा काढ, लावल्यावर, तासाने, आणि घरी काढायच्या आधी, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून. शेवटचा फोटो आर्टिस्टला पाठव आणि काय सरकलं ते लिही. पहिला फोटो तर सगळ्यांचा चांगलाच येतो.

मे महिन्याचं म्हणून एक सांगते. नागपूरची गर्मी कोरडी असते, तिने कर्ल इतके नाही पडत जितके स्टेजच्या कूलरने पडतात. पारा ४५ च्या आसपास, म्हणून लॉनवाले स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे कूलर लावतात, त्यातून ओलसर वारा सरळ नवरीच्या कानावर, एका बाजूचे केस फुगतात आणि नेट उडून तोंडावर येते. कूलर पाठीमागून किंवा समोर लांबून लावायला सांगायचं, हे मंडपवाल्याशी आत्ताच बोलून ठेव. मोकळे कर्ल मे मध्ये ठेवूच नको असं मी म्हणेन. आणि स्प्रेचा शेवटचा हात मेकअप रूममध्येच मारून, वाळू देऊन मग बाहेर पडायचं. होमाजवळ बसल्यावर कुणी पर्समधून स्प्रे काढून टचअप करायला आली तर तिला तिथेच थांबव, स्प्रे पेट घेतो, आणि नेट सिंथेटिक आहे. ओढणीची टोकं पण तेव्हा मांडीत घेऊन बस.

हळद आदल्या दिवशी आहे की त्याच सकाळी ते आर्टिस्टला ट्रायललाच सांग. त्याच सकाळी असेल तर डोक्याला शॉवर कॅप घालून बस, कारण हळदीत तेल असते आणि तेलकट मुळांवर ह्यातलं काहीच टिकत नाही. केस आदल्या दिवशी धुतलेले सगळ्यात बरे, कंडिशनर फक्त टोकांना, सीरम नाही.

रिसेप्शनला ओढणी काढणार असशील तर ती काढणार कोण, हे शेवटचं मोठं काम. आर्टिस्ट शेवटपर्यंत थांबणार का, थांबायचे वेगळे पैसे किती, ट्रायल करणारीच त्या दिवशी येणार की तिची असिस्टंट, हे सगळं ट्रायलच्याच दिवशी मेसेजवर लिहून घे. ती थांबणार नसेल तर बहिणीला शिकव. मी केसांच्या पिना काळ्या वापरते आणि ओढणीच्या सोनेरी, म्हणजे काढणाऱ्याने फक्त सोनेरी शोधायच्या, काळीला हात लावायचा नाही, आणि सोनेरी किती आहेत तो आकडा बहिणीच्या फोनमध्ये. काढताना आधी डोक्यावरच्या काढायच्या, मग खांद्याच्या. उलटं केलं तर खांदा सुटल्याबरोबर सगळा किलोभर भार तीन पिनांवर येतो आणि केसांसकट ओढला जातो. ओढणीखाली गजरा माळू नको, झाकून झाकून तो काळवंडतो आणि भिजवलेला असेल तर त्याचं वजन वेगळं. बर्डीवरून मोगरा आणून ओल्या कापडात ठेव, ओढणी निघाल्यावर माळ, तेव्हा जुड्यात पिवळ्या अक्षता निघतील त्या आधी बोटाने वेच, फणी घालू नको.

रात्री घरी गेल्यावर स्प्रेने कडक झालेले केस कोरडे विंचरायचे नाहीत. सगळ्या पिना काढून झाल्या की हातावर भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल तेल घेऊन आधी टोकांना लाव, मग वर ये, दहा मिनिटं थांब, बॅककोंबिंग बोटांनी सोडव आणि मगच जाड दातांची फणी. झोप फार आली असेल तर नुसत्या पिना आणि रबर काढून झोप, बाकी सकाळी.